‘मी जॉइन झालेय, आता फोन थांबवा’

नव्या कंपनीत रुजू होऊन महिना लोटला तरी रिक्रूटरचे फोन सुरूच राहतात. बहुतेक जण अशा वेळी ‘नॉट इंटरेस्टेड’ म्हणून फोन ठेवतात, आणि फोन काही थांबत नाहीत. कारण रिक्रूटर या उत्तराचा अर्थ एवढाच घेतो, की ही जागा किंवा हा पगार पसंत नाही. पुढच्या जागेसाठी तुमचं नाव त्याच्या यादीत तसंच राहतं.

पुण्यातली एक टेस्टिंग इंजिनिअर कल्पून पाहू. जानेवारीत ती नोटीस पिरियडवर होती आणि नोकरीच्या पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये तिने तसं लिहिलं होतं. ३ फेब्रुवारीला ती हिंजवडीतल्या कंपनीत रुजू झाली, पण प्रोफाइल बदलायचं राहून गेलं. आता, नोटीस पिरियडवर असलेला उमेदवार लवकर रुजू होऊ शकतो, म्हणून भरती करणारे त्यालाच आधी गाठतात. जिथे नव्वद दिवसांच्या नोटिशीची पद्धत आहे, तिथे तर अशा माणसाला फारच मागणी. प्रोफाइलमधली ती जुनी ओळच तिचा फोन वाजवत होती.

फोनवर सांगितलेलं त्या रिक्रूटरपाशीच राहतं. तो उद्या नोकरी सोडतो आणि त्याच कन्सल्टन्सीतला दुसरा जण तीच यादी उघडतो. म्हणून ई-मेल लिहावा, आणि बायोडेटावर आहे त्याच पत्त्यावरून. त्यांच्याकडे नोंद ई-मेल आणि मोबाइल नंबरवरून सापडते. तिचा मेल साधारण असा असावा:

‘नमस्कार. मी ३ फेब्रुवारीला दुसऱ्या कंपनीत रुजू झाले आहे आणि सध्या नोकरी शोधत नाही. तुमच्या नोंदीत माझ्या नावापुढे तसं नमूद करून मला नव्या जागांसाठीच्या संपर्क यादीतून काढावं. माझा बायोडेटा मला विचारल्याशिवाय कुठल्याही कंपनीकडे पाठवू नये. नोंदणीकृत मोबाइल नंबर खाली देत आहे.’

शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. न विचारता पाठवलेला बायोडेटा फिरत फिरत आपल्याच नव्या कंपनीच्या एचआरपर्यंत गेला, तर नाहक अवघडलेपण येतं. नव्या कंपनीचं नाव आणि पगार हमखास विचारले जातात. ते सांगणं बंधनकारक नाही. मात्र या रिक्रूटरमार्फत एखादी मुलाखत अर्धवट असेल, तर त्या पदाचं नाव लिहून उमेदवारी मागे घेतल्याचं वेगळं कळवावं. नाहीतर तो तुमच्यासाठी पुढच्या फेरीची वेळ ठरवत बसतो.

हा मेल एका कन्सल्टन्सीपुरताच. बायोडेटा इतरांनीही उतरवून घेतलेला असतो, म्हणून उगमाशीच तो बंद करायला हवा. पोर्टलवर सध्याची नोकरी भरून नोटीस पिरियडची ओळ काढावी आणि त्याच बैठकीत प्रोफाइल रिक्रूटरना दिसणं बंद करावं. नुसता बदल करून सोडलं तर उलटंच होतं: प्रोफाइल ताजं दिसतं आणि शोधात वर येतं. लिंक्डइनवरचं ‘ओपन टू वर्क’ही बंद करावं, कारण ते फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवलेलं असलं, तर आपल्या फोटोभोवती हिरवी चौकट नसते आणि ते चालू असल्याचं लक्षातच येत नाही.

जुन्या प्रती काही काळ फिरतातच, त्यामुळे नव्या कन्सल्टन्सीकडून अधूनमधून फोन येईल. तिलाही हाच मेल पाठवावा. ज्यांना आधी कळवलं आहे त्यांचा पुन्हा आला, तर नवं काही न लिहिता जुनाच मेल तारखेसह फॉरवर्ड करावा आणि नोंद बदलल्याचं लेखी उत्तर मागावं.