पोट दुखतं, पण रिपोर्ट नॉर्मल

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ असते: आतड्यांजवळ लसिकाग्रंथी दिसतात, आकार सहा-सात मिलिमीटर. घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘पोरीच्या पोटात गाठी झाल्यात’ असं होतं आणि कुणीतरी टीबीचं नाव काढतं. वास्तविक एवढ्या बारीक ग्रंथी धडधाकट मुलांच्या पोटातही दिसतात. ताप नाही, वजन घटलेलं नाही, मूल नीट वाढतंय, तर केवळ त्या ओळीवरून टीबीची औषधं सुरू करणं चुकीचं आहे.

वारंवार पोट दुखणाऱ्या शाळकरी मुलांचा प्रश्न इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ले यांनी १९५८ साली नीट मांडला. त्यांनी एक हजार शाळकरी मुलं पाहिली. तीन महिन्यांत निदान तीनदा आणि रोजचे व्यवहार थांबावेत इतकं पोट दुखणारी मुलं त्यांत दहातलं एक अशी निघाली. त्यातल्या फार थोड्यांना शारीरिक आजार होता. त्यांचा एक ठोकताळा आजही कामी येतो: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी आजाराची शंका जास्त.

मग बाकीची मुलं नाटक करतात का? अजिबात नाही. आतड्यांत मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि त्याची मेंदूशी सतत देवाणघेवाण चालते. काही मुलांमध्ये हे जाळं जास्त संवेदनशील होतं, कधी एखाद्या जुलाबाच्या आजारानंतर, कधी ताणामुळे. इतरांना जाणवतही नाही असा वायूचा किंवा मळाचा दाब त्यांना दुखतो. काळजी वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि दुखणं वाढतं. वेदना खरीच असते.

अशा मुलांमध्ये तपासण्यांपेक्षा विचारपूस जास्त सांगून जाते. एक नेहमी भेटणारं उदाहरण घ्या. चौथीपर्यंत घराजवळच्या शाळेत असलेली मुलगी पाचवीला मोठ्या शाळेत गेली. जुलैपासून सकाळी पोट दुखतं, बेंबीभोवती. रविवारी सकाळी नाही, पण रविवारी रात्री मात्र हमखास. दिवाळीच्या सुट्टीत एकदाही नाही. आईने दोन आठवडे वहीत दुखण्याची वेळ, आदला दिवस, जेवण आणि शौच लिहून ठेवलं, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. शी तीन-तीन दिवसांनी होत होती, तीही खड्यासारखी. शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून ती दिवसभर दाबून ठेवायची आणि पाणीही प्यायची नाही. म्हणजे ताण होता आणि बद्धकोष्ठही होतं. दोन्हींवर उपाय हवा होता. डॉक्टरांनी मळ मऊ करणारं औषध दिलं आणि जेवणानंतर दहा मिनिटं शौचाला बसायची सवय लावायला सांगितलं. वर्गशिक्षिकांशी बोलल्यावर कळलं, की गणिताच्या तासाला फळ्यापाशी उभं करण्याची तिला धास्ती होती. ते काही दिवस थांबवलं.

अशा मुलाचं वजन-उंची मोजणं, पोट हाताने तपासणं आणि लघवी-शौचाची साधी तपासणी एवढं बहुतेक वेळा पुरतं. पण काही खुणा दिसल्या तर पुढच्या तपासण्या टाळू नयेत. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठतं, वजन घटतं किंवा उंची वाढायची थांबते, शौचातून रक्त जातं, हिरवी उलटी होते, ताप राहतो, सांधे दुखतात, तोंडात वरचेवर फोड येतात किंवा दुखणं कायम एका बाजूला असतं. यातलं एक जरी असलं तरी रक्ततपासणी, सोनोग्राफी, गरजेप्रमाणे टीबी, सिलिॲक किंवा आतड्यांच्या दाहाचा शोध घ्यायला हवा. कुटुंबात असे आजार असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं.

आईवडिलांना सगळ्यात अवघड वाटतं ते दुखत असताना काय करायचं हे. अमेरिकेत लिन वॉकर यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात मुलांना भरपूर पाणी पाजून पोटाला तडस लावली. ज्यांच्या आया सतत दुखण्याबद्दल विचारत राहिल्या, त्यांच्या तक्रारी जवळपास दुपटीने वाढल्या. ज्यांचं लक्ष दुसरीकडे वळवलं, त्यांच्या निम्म्यावर आल्या. म्हणून ‘अजून दुखतंय का?’ हा प्रश्न दर दहा मिनिटांनी नको. ‘दुखतंय, मला कळतंय, थोडा ओवा चाव, मग दप्तर भरू,’ एवढं पुरे. शक्य तितकं शाळेत पाठवावं, पोट जास्तच दुखलं तर वर्गाबाहेर थोडा वेळ बसायची सोय शिक्षकांकडून करून घ्यावी. घरी राहिलंच तर टीव्ही आणि मोबाइलची मौज नको. वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही.

अशा मुलालाही एखाद्या दिवशी अपेंडिक्सचा त्रास होऊ शकतो. नेहमीचं दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं, भूक गेली, उलटी किंवा ताप आला, मूल वाकून चालू लागलं किंवा उडी मारायला सांगितल्यावर कळवळलं, तर ‘हिचं नेहमीचंच’ म्हणू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.