तारापूरच्या एका अणुभट्टीला वर्षाला किती युरेनियम लागतं?

पालघर जिल्ह्यात, अरबी समुद्राच्या काठावर तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. तिथल्या तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. अशी एक भट्टी वर्षभरात किती युरेनियम संपवते, हे आपल्याला घरी बसून, वहीच्या एका पानावर काढता येतं. त्यासाठी आण्विक भौतिकी शिकलेली असायची गरज नाही. मात्र कोणता आकडा कुठे घालायचा, हे नीट कळायला हवं.

सुरुवात ५४० पासून करायची नाही. हे ५४० मेगावॉट म्हणजे जनित्रातून बाहेर पडणारी वीज. इंधन जळतं ते उष्णतेसाठी, आणि ती उष्णता आहे सुमारे १,७३० मेगावॉट. या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते आणि जेमतेम ३१ टक्के उष्णतेची वीज होते. उरलेले जवळपास १,२०० मेगावॉट मुख्यतः समुद्राच्या पाण्यात जातात. औष्णिक शक्ती माहीत नसेल तर विजेच्या आकड्याला कार्यक्षमतेने भागायचं: ५४० भागिले ०.३१ म्हणजे सुमारे १,७४०. इथे एक काळजी घ्यावी लागते. केंद्र स्वतःचे पंप वगैरे चालवायला काही वीज वापरतं, त्यामुळे बाहेर जाणारी वीज ५४० पेक्षा कमी असते. तो कमी आकडा घेऊन त्याला ३१ टक्क्यांनी भागलं, तर इंधनाचा अंदाज तितकाच खाली येतो.

आता वर्षभराची उष्णता. दुरुस्ती आणि तपासणीसाठी भट्टी काही काळ बंद असते, म्हणून वर्षातले ३१० दिवस ती पूर्ण शक्तीने चालली असं धरू. म्हणजे सुमारे ८५ टक्के. १,७३० गुणिले ३१० बरोबर ५,३६,३०० मेगावॉट-दिवस. या व्यवसायात उष्णता याच एककात मोजतात. एक मेगावॉट-दिवस म्हणजे आपल्या वीजबिलातली २४,००० युनिटं, फक्त उष्णतेच्या रूपात.

इंधनाच्या एका टनातून किती उष्णता निघते, त्याला बर्न-अप म्हणतात. तारापूरच्या या भट्ट्यांमध्ये नैसर्गिक युरेनियम वापरतात, त्यात कसलंही समृद्धीकरण नसतं. मंदायक म्हणून जड पाणी असतं. अशा भट्टीत बर्न-अप टनामागे ७,००० मेगावॉट-दिवसांच्या आसपास असतो. मग ५,३६,३०० ला ७,००० ने भागायचं. उत्तर येतं ७६ ते ७७ टन युरेनियम.

हे उत्तर खरं आहे का, हे पाहायला भट्टीतल्या बंडलांकडे वळू. इंधन भट्टीत जातं ते बंडलांच्या रूपात. सुमारे अर्धा मीटर लांब, दहा सेंटिमीटर व्यासाचं नळकांडं, त्यात झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या ३७ बारीक नळ्या आणि नळ्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या. एका बंडलात सुमारे १९ किलो युरेनियम असतं. भट्टीत ३९२ आडवे मार्ग आहेत आणि प्रत्येकात १३ बंडलं, म्हणजे एकूण ५,०९६. आपले ७६.६ टन म्हणजे वर्षाला सुमारे ४,००० बंडलं, चालू दिवसाला तेरा. भट्टी चालू असतानाच दोन यंत्रं मार्गाच्या दोन टोकांना येऊन लागतात. एकीकडून नवी बंडलं ढकलली जातात, दुसरीकडून वापरलेली बाहेर येतात. दिवसाला तेरा बंडलं बदलणं या पद्धतीला सहज शक्य आहे. या हिशेबाने एक बंडल भट्टीत सरासरी ३९० पूर्ण शक्तीचे दिवस राहतं, आणि तेवढ्या काळात त्यातून सुमारे दहा लाख युनिट वीज निघते. महिना २०० युनिट वापरणाऱ्या चारशेहून अधिक घरांची वर्षभराची वीज.

याच तपासणीत चूक पकडली जाते. कुणी १,७३० च्या जागी ५४० घातले तर उत्तर २४ टन येतं. मग दिवसाला चारच बंडलं लागतील आणि प्रत्येक बंडल साडेतीन वर्षं आत राहील. नैसर्गिक युरेनियममध्ये इतका काळ साखळी टिकण्याइतका दमच नसतो. दुसरी नेहमीची गफलत वजनाची. बर्न-अप युरेनियम धातूच्या टनामागे सांगतात, गोळ्या मात्र ऑक्साइडच्या असतात. ७६.६ टन युरेनियम म्हणजे सुमारे ८७ टन ऑक्साइड.

बर्न-अपचा आकडा हाताशी नसेल तर? काही जण अणूपासून सुरुवात करतात, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग इथेच दिसतो. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं तर सुमारे ०.९५ मेगावॉट-दिवस उष्णता मिळते. म्हणजे आपल्या भट्टीत वर्षाला ५६५ किलो अणू फुटतात. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ फक्त ०.७१ टक्के असतं. ५६५ ला त्याने भागलं की साधारण ८० टन येतात. आधीच्या उत्तराच्या अगदी जवळ! पण ही रीत बरोबर म्हणून उत्तर जुळलेलं नाही.

टनभर ताज्या इंधनात युरेनियम-२३५ असतं ७.१ किलो. वापरून बाहेर आलेल्या टनात त्यातलं दोन-अडीच किलो अजून शिल्लक असतं. जे गेलं त्यातलाही साधारण सातवा हिस्सा फुटतच नाही. तो न्यूट्रॉन गिळून युरेनियम-२३६ होऊन बसतो. म्हणजे फुटलेलं २३५ भरतं फार तर चार किलो. तरीही टनामागे ७,००० मेगावॉट-दिवस मिळाले, आणि त्यासाठी सात किलोहून अधिक अणू फुटायला हवेत. उरलेले तीन-साडेतीन किलो आले कुठून? भट्टीत भरलेलं ९९ टक्क्यांहून अधिक युरेनियम २३८ या जातीचं असतं. त्यातले काही अणू न्यूट्रॉन घेऊन प्लुटोनियम-२३९ होतात, आणि त्या प्लुटोनियमचा बराच भाग तिथेच, त्याच बंडलात फुटतो. या भट्टीतून मिळणाऱ्या विजेचा जवळपास अर्धा वाटा अशा इंधनाचा असतो, जे भरताना त्यात नव्हतंच.

शिल्लक राहिलेलं आणि न फुटता गेलेलं २३५ वजा केलं पण प्लुटोनियम धरलं नाही, तर उत्तर सुमारे १४० टनांवर जातं. अर्धवट केलेली दुरुस्ती अंदाज सुधारत नाही, जवळजवळ दुप्पट करून ठेवते. म्हणून या क्षेत्रातली माणसं प्रत्यक्ष मोजलेल्या बर्न-अपवरच हिशेब करतात. त्यात हे सगळं आपोआप आलेलं असतं.

तारापूरच्या तीन आणि चार क्रमांकाच्या बाबतीत ७७ टनांना वेगळं वजन आहे. या दोन भट्ट्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली नाहीत, त्यामुळे परदेशातून आणलेलं युरेनियम त्यांना चालत नाही. त्यांचं इंधन झारखंडातलं जादूगुडा, आंध्रातलं तुम्मलपल्ली अशा आपल्याच खाणींतून यावं लागतं. तिथलं खनिज गरीब आहे, टनाला काहीशे ग्रॅम युरेनियमचं. टनाला ४०० ग्रॅम धरले तर एका भट्टीच्या एका वर्षासाठी सुमारे १.९ लाख टन खडक उपसावा लागतो, तोही प्रक्रियेत काहीच वाया जात नाही असं मानून. २००७-०८ च्या सुमारास देशात युरेनियमची टंचाई झाली, तेव्हा हाच हिशेब उलटा केला गेला. वर्षाला किती टन मिळणार ते आधी पाहायचं, त्याला बर्न-अपने गुणायचं, आणि त्यावरून भट्ट्या किती शक्तीवर चालवायच्या ते ठरवायचं. त्या काळात अनेक भट्ट्या सुस्थितीत असूनही पूर्ण क्षमतेने चालवता आल्या नाहीत.