मायलेजचा फैलाव आणि दोन टी-चाचण्या

1974 साली अमेरिकेतल्या ‘मोटर ट्रेंड’ मासिकात आलेली 32 गाड्यांची आकडेवारी संख्याशास्त्र शिकणाऱ्यांच्या हाताखालून आजही जाते. R या मोफत संगणकप्रणालीत ती `mtcars` या नावाने आयती मिळते. त्यातल्या 19 गाड्या ऑटोमॅटिक गिअरच्या आणि 13 हाताने गिअर टाकायच्या. ऑटोमॅटिक गाड्या गॅलनमागे सरासरी 17.1 मैल धावतात, मॅन्युअल 24.4. फरक सव्वासात मैलांचा. हा फरक खरा मानायचा, की एवढ्या थोड्या गाड्यांत योगायोगानेही तो दिसू शकतो, हे ठरवायला टी-चाचणी वापरतात.

चाचणीमागची कल्पना साधी आहे. दोन सरासरींमधला फरक घ्यायचा आणि त्या फरकात किती डळमळ असू शकते, त्या अंदाजाने त्याला भागायचे. भागाकार मोठा आला तर योगायोगाचा संशय कमी होतो. सगळी मेख आहे ती ही डळमळ मोजण्यात. पाठ्यपुस्तकात आधी शिकवली जाणारी पद्धत असे धरून चालते की दोन्ही गटांतला फैलाव, म्हणजे आकडे आपापल्या सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते, मुळात सारखाच आहे. म्हणून ती दोन्ही गटांचा फैलाव एकत्र कालवून एकच आकडा काढते.

आपल्या गाड्यांत तसे दिसत नाही. ऑटोमॅटिक गटाचे प्रमाण विचलन 3.8 मैल आहे, तर मॅन्युअल गटाचे 6.2. कारण यादीवर नजर टाकली की लगेच सापडते. मॅन्युअल गटात 33.9 मैल देणारी टोयोटा कोरोला आणि 30.4 देणारी होंडा सिव्हिक आहे, आणि त्याच रांगेत 15 मैलांवर दमणारी मासेराती बोराही आहे. काटकसरी छोट्या गाड्या आणि पेट्रोल पिणाऱ्या स्पोर्ट्स कार एकाच गोठ्यात बांधल्यावर फैलाव वाढणारच. (गिअरमुळेच मायलेज बदलते, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येत नाही. ऑटोमॅटिक गाड्या वजनानेही भारी होत्या.)

आता कालवण्याचा परिणाम पाहू. मॅन्युअल गाड्या कमी आणि विखुरलेल्या, ऑटोमॅटिक जास्त आणि सरासरीच्या जवळ. एकत्र हिशेबात 19 गाड्यांचे वजन जास्त पडते आणि त्यांच्या आटोपशीर फैलावाखाली 13 गाड्यांची अस्थिरता झाकली जाते. फरकातली डळमळ 1.76 मैल भरते आणि टी येतो 4.11. बी. एल. वेल्च या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने 1938 आणि 1947 मध्ये मांडलेल्या पद्धतीत कालवाकालव नाही. प्रत्येक गटाचा वर्ग-फैलाव त्याच्याच संख्येने भागायचा, दोन्ही भागाकारांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचे. 14.7 ला 19 ने भागले की 0.77, 38.0 ला 13 ने भागले की 2.93. बेरीज 3.70, वर्गमूळ 1.92, आणि टी 3.77.

त्या दोन भागाकारांकडे नीट पाहिले तर सुमारे चार पंचमांश अनिश्चितता एकट्या मॅन्युअल गटातून आलेली दिसते. म्हणून वेल्च ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ही कमी करतो. जुन्या पद्धतीत त्या 30 असतात, इथे 18.3 उरतात. म्हणजे गाड्या 32 असल्या, तरी या फरकाबद्दलची माहिती तेवढी भक्कम नाही. दोन्ही गटांची खरी सरासरी सारखी असती तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, म्हणजे पी-मूल्य, जुन्या पद्धतीने 0.0003 येते आणि वेल्चच्या पद्धतीने 0.0014. जवळपास पाचपट. इथे निकाल बदलत नाही, कारण फरकच दणदणीत आहे. सीमेवरच्या प्रकरणात मात्र तो उलटू शकतो.

किती बिघडू शकते, याचा एक कागदावरचा हिशेब. एका गटात 40 नोंदी, दुसऱ्यात 10, आणि लहान गटाचे प्रमाण विचलन मोठ्याच्या दुप्पट. सरासरी मुळात सारख्याच असल्या तरी जुनी चाचणी ठरलेल्या 5 टक्क्यांऐवजी सुमारे 18 टक्के वेळा ‘फरक आहे’ म्हणून ओरडते. उलट, दुप्पट विचलन मोठ्या गटाचे असेल तर हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते आणि खरे फरकही तिच्या हातून निसटू लागतात. दोन्ही गटांत संख्या समान असेल तर धोका बराच निवळतो. तेव्हा दोन्ही पद्धतींचा टी अगदी एकच येतो, फरक पडतो तो डिग्रीज ऑफ फ्रीडममध्ये.

मग आधी फैलाव समान आहे का ते तपासावे आणि त्यावरून चाचणी निवडावी, असा सल्ला अनेक पुस्तकांत आहे. तो पाळून पाहू. फैलावांच्या तुलनेची जुनी एफ-चाचणी या गाड्यांसाठी 0.067 हे पी-मूल्य देते. 0.05 ची रेघ धरली, तर फैलाव वेगळे असल्याचा पुरावा अपुरा. लेव्हीनची चाचणी, मध्यकापासूनचे अंतर मोजणाऱ्या सुधारित रूपात, 0.0496 देते. म्हणजे फैलाव वेगळे! आकडे तेच, पंच दोन, आणि बोटे विरुद्ध दिशांना.

अडचण मूलभूत आहे. नमुना लहान असतो तेव्हा या तपासण्यांना वेगळेपण दिसतच नाही, आणि नेमके तेव्हाच ते नडते. नमुना मोठा असतो तेव्हा त्या क्षुल्लक फरकावरही बोट ठेवतात. शिवाय एफ-चाचणी घंटेच्या आकाराच्या वितरणापासून आकडे जरा ढळले की बिथरते. जॉर्ज बॉक्सने 1953 मध्येच याची खिल्ली उडवली होती: मोठे जहाज बंदरातून सोडण्याइतका समुद्र शांत आहे का, हे पाहायला वल्ह्याची होडी पाठवण्यासारखा हा प्रकार. आणि पहिल्या चाचणीचा निकाल पाहून दुसरी निवडली की दुसरीच्या 5 टक्क्यांच्या हमीलाही अर्थ राहत नाही.

माझे मत सरळ आहे. ठिपक्यांचा आलेख जरूर काढावा, दोन्ही विचलने लिहावीत, फैलाव वेगळा का असेल याचा विचार करावा, पण चाचणी म्हणून सुरुवातीपासून वेल्चच धरावी. फैलाव खरोखर समान असले तरी तिच्यामुळे फारसे काही गमवावे लागत नाही. प्रत्येक गटात तीन-चारच नोंदी असतील आणि फैलाव समान मानायला प्रयोगाच्या रचनेतूनच कारण मिळत असेल, तर जुनी पद्धत घ्यायला हरकत नाही. नोंदी जोडीजोडीने घेतलेल्या असतील किंवा एखादा आकडा भलताच भरकटलेला असेल, तर तो दोष वेल्चही दुरुस्त करत नाही.

R मध्ये काही न सांगता वेल्चच मिळते, जुनी मुद्दाम मागावी लागते:

```r
t.test(mpg ~ am, data = mtcars)
t.test(mpg ~ am, data = mtcars, var.equal = TRUE)
```

पायथनच्या `scipy.stats.ttest_ind` मध्ये उलटे आहे. तिथे `equal_var=False` लिहावे लागते. एक्सेलच्या `T.TEST` मध्ये शेवटचा आकडा 3 दिला की वेल्च, 2 दिला की जुनी.

याच गाड्यांची आणखी एक गंमत आहे. युरोपात मायलेज सांगतात ते 100 किलोमीटरला किती लिटर, असे. तसे रूपांतर केले की ऑटोमॅटिक गटाचे विचलन 3.6 लिटर होते आणि मॅन्युअलचे 2.8. जास्त विखुरलेला गटच बदलला! गाड्या त्याच, पेट्रोलही तेच. आता जुन्या चाचणीचा टी 4.11 वरून 3.51 वर घसरतो. वेल्चचा 3.77 चा 3.69 होतो.