एका औषध प्रतिनिधीचा फिरतीचा महिना

आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या औषध प्रतिनिधीचे काम आपण पाच मिनिटांच्या भेटीवरून जोखतो. सातारा जिल्हा सांभाळणाऱ्या अशाच एका प्रतिनिधीचा पूर्ण महिना आम्ही त्यांच्याकडून समजावून घेतला. त्याच महिन्यात त्यांनी एक नवे औषध बाजारात आणले होते.

त्यांचे मुख्यालय सातारा. कोरेगाव, वाई व कराड येथे जाऊन ते त्याच दिवशी परततात. फलटण-दहिवडीच्या फेरीत मुक्काम करावा लागतो. यादीत १५० चिकित्सक आहेत. त्यांपैकी ५० जणांना महिन्यातून दोनदा व उरलेल्या १०० जणांना एकदा भेटायचे, म्हणजे २०० भेटी झाल्या. प्रत्यक्ष फिरतीचे २२ दिवस व रोजच्या १० भेटी धरल्या, तर २२० भेटी शक्य होतात. वरच्या २० भेटी चुकलेल्या चिकित्सकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. त्या ओळखीच्या दवाखान्यांतच खर्च झाल्या, तर दहिवडीसारखी दूरची गावे कागदावरच राहतात.

नवे औषध सांधेदुखीवरील गोळ्यांचे होते आणि त्यात शुद्ध कुचला होता. कुचला औषधे नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये येतो, म्हणून पोटात घ्यावयाच्या अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. कंपनीच्या माहितीपत्रकाच्या कच्च्या प्रतीत मात्र ‘दुष्परिणामरहित’ हा शब्द होता. प्रतिनिधीने त्यास हरकत घेतली. केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी काढलेल्या विपणन संहितेनुसार औषधाला दुष्परिणाम नाहीत असे सांगता येत नाही, आणि त्यांच्या कंपनीने ही संहिता आयुर्वेदिक उत्पादनांसाठीही अंतर्गत नियम म्हणून स्वीकारली आहे. शब्द वगळला गेला. त्या जागी मात्रा, गर्भिणीस निषेध, आणि स्नायू ताठरणे वा झटके येणे ही अतिमात्रेची लक्षणे आली.

औषधविक्रेत्यांसाठी येथे एक बाब महत्त्वाची आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या अनुसूचीत संधिवाताचा समावेश आहे. त्यामुळे ‘संधिवात बरा करणारे’ असा फलक दुकानात लावता येत नाही. नोंदणीकृत चिकित्सकास गोपनीयपणे दिलेले पत्रक वेगळे. त्यावर ते केवळ त्यांच्यासाठी असल्याचे छापलेले असते. हे पत्रक गल्ल्यावर ठेवले, की त्याचा गोपनीयपणा संपतो. म्हणून आमचे प्रतिनिधी विक्रेत्यास केवळ नाव, घटक, किंमत व साठा एवढेच सांगतात.

आता आमचीच एक चूक. औषध आवडले, तेव्हा आम्ही ६० गोळ्यांच्या ५० बाटल्या नमुना म्हणून मागितल्या. “तेवढ्या द्या, मग लिहायला सुरुवात करतो,” असेही म्हणालो. रोज ४ गोळ्यांप्रमाणे १५ दिवसांचा क्रम म्हणजे एक बाटली; म्हणजे आम्ही ५० रुग्णांचा पूर्ण औषधोपचार फुकट मागत होतो. संहितेनुसार नमुन्याचे एक पाकीट फार तर ३ रुग्णांच्या क्रमापुरते असावे आणि एका चिकित्सकास एका औषधाची वर्षाला १२ पाकिटेच द्यावीत. म्हणजे वर्षभराची कमाल मर्यादाच ३६ रुग्णांची होते. “सर, दोन बाटल्या देतो. रुग्णास काय वाटले ते पुढच्या भेटीत विचारीन,” असे ते म्हणाले आणि तारीख, प्रमाण व आमचे नाव वहीत नोंदवले. आम्ही काहीसे रुष्ट झालो, हे कबूल केले पाहिजे.

महिनाअखेर वितरकाकडून विक्रेत्यांकडे १४० बाटल्या गेल्या होत्या. वरिष्ठांनी औषध चालले असे मानले. प्रतिनिधीने मात्र दुकानोदुकानी चिठ्ठ्यांवरील खप विचारला, तेव्हा ३८ बाटल्याच रुग्णांपर्यंत पोहोचल्या होत्या. उरलेल्या १०२ केवळ फळीवर होत्या. खप जोखण्याची खरी खूण हीच: वितरकाचे बिल विक्रीचा आभास देते, तर चिठ्ठीवरून गेलेली बाटली प्रत्यक्ष विक्री दाखवते. दुसऱ्या महिन्यात त्यांनी सवलतीवर नवा माल लादला नाही. आधीचा साठा संपू दिला. लक्ष्य चुकले, बोलणी खावी लागली; पण मुदतबाह्य माल परत घेण्याची वेळ विक्रेत्यांवर वा कंपनीवर आली नाही.

आम्हास मिळालेल्या दोन बाटल्यांपैकी एका रुग्णास पोटात जळजळ झाली. पुढच्या भेटीत ते आम्ही सांगितले, त्यांनी कंपनीस लेखी कळवले. ५० बाटल्या घेतल्या असत्या, तर ते आम्ही तितक्याच मोकळेपणाने सांगितले असते काय, हा प्रश्न आम्हास अद्याप सतावतो.