दहा कोटींची बेरीज आणि तुकड्यांचा हिशेब

दहा कोटी आकड्यांची बेरीज करायची आहे आणि संगणकाच्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर आहेत. साधा लूप लिहिला तर एकच कोअर राबतो. उरलेल्या सातांनाही कामाला लावण्यासाठी जावा भाषेत २०११ साली, सातव्या आवृत्तीबरोबर, फोर्क-जॉइन ही सोय आली. तिचा मुख्य रचनाकार डग ली.

पद्धत सोपी आहे. यादी मोठी असेल तर तिचे दोन भाग करायचे, त्या भागांचे पुन्हा दोन. तुकडा ठरावीक मर्यादेइतका लहान झाला की साध्या लूपने बेरीज करायची. ही मर्यादा म्हणजे थ्रेशोल्ड. तुकडे करणाऱ्या भागाचा गाभा असा:

```java
left.fork();
long r = right.compute();
return left.join() + r;
```

यातला क्रम महत्त्वाचा आहे. डावा भाग रांगेत टाकून उजवा स्वतः करायचा आणि मगच डाव्याची वाट पाहायची. `join` आधी लिहिले तरी उत्तर बरोबरच येते, पण उजव्या भागाचे काम डावा संपल्यावर सुरू होते आणि सगळा खटाटोप वाया जातो. उत्तर बरोबर असल्यामुळे ही चूक लवकर लक्षातही येत नाही.

आता थ्रेशोल्ड किती ठेवायचा? समजा, एक ठेवला. मग जवळजवळ वीस कोटी टास्क तयार होतात. एका बेरजेला जेमतेम एक नॅनोसेकंद लागतो. टास्कसाठी मेमरी घेणे, ती रांगेत टाकणे, परत काढणे याला त्याच्या कितीतरी पट. आठ कोअर राबूनही हा प्रोग्राम साध्या लूपपेक्षा हळू चालतो. उलट, थ्रेशोल्ड पाच कोटी ठेवला तर दोनच तुकडे पडतात आणि सहा कोअर बसून राहतात.

दहा हजार ठेवून पाहा. निम्मे-निम्मे करत १६,३८४ तुकडे पडतात, प्रत्येकात सुमारे ६,१०० आकडे. एका तुकड्याला काही मायक्रोसेकंद लागतात, त्यापुढे टास्कचा खर्च नगण्य. शिवाय प्रत्येक कोअरच्या वाट्याला सुमारे दोन हजार तुकडे येतात. एखादा कोअर मागे पडला तर मोकळा झालेला दुसरा त्याच्या रांगेतले काम उचलतो. जावाच्या अधिकृत माहितीतही एका टास्कमध्ये साधारण शंभर ते दहा हजार मूलभूत क्रिया असाव्यात, असाच ढोबळ नियम आहे. बेरजेसारख्या हलक्या कामात मी त्याच्या वरच्या टोकाला राहीन.

तरीही वेग आठपट होत नाही. प्रत्येक आकडा आठ बाइटचा धरला तर ८० कोटी बाइट मेमरीतून आणावे लागतात, आणि तो रस्ता आठही कोअरना सामाईक आहे. थोडे कोअर कामाला लागले की तोच भरतो. त्यापुढे थ्रेशोल्ड कितीही बदलला तरी फरक पडत नाही.

म्हणून आधी साध्या लूपचा वेळ मोजा, तोही प्रोग्राम काही वेळ चालून तापल्यावर. यादी काही हजारांचीच असेल तर ती फोडू नका.