उरले आठ

अकरावीच्या पेपरात परम्युटेशन-कॉम्बिनेशनचं गणित तपासताना पोराने P लिहिलाय की C, हे मी सगळ्यांत शेवटी बघतो. बहुतेकांना क्लासमध्ये एक सोपी खूण मिळालेली असते: प्रश्नात 'सिलेक्ट' दिसलं की C, 'अरेंज' दिसलं की P. त्यामुळे अक्षर बरोबर येतं आणि डोक्यातला घोळ तसाच राहतो. उलटंही होतं. दहा जणांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडायचे असतील, तर एखादी मुलगी ¹⁰C₁ × ⁹C₁ × ⁸C₁ असं लिहून ७२० काढते. तिन्ही ठिकाणी C आहे, पण काम क्रमाचंच झालंय आणि उत्तर अगदी बरोबर आहे. नुसतं अक्षर बघून तपासणारा इथे तिचे गुण कापून मोकळा होतो.

मी साताऱ्यात शिकवतो. माझे एक जुने सहकारी सांगलीला विश्रामबागेत राहतात, तेही हाच विषय शिकवतात. चाचणीला आम्ही दोघं एकच प्रश्नपत्रिका काढतो आणि या धड्याचे पेपर अदलाबदल करून बघतो. आपल्याच वर्गाचा पेपर वाचताना आपण जे शिकवलं तेच पोराने लिहिलंय असं वाटत राहतं. परक्या वर्गाचा पेपर मात्र ओळ न् ओळ वाचावा लागतो.

वाचायला सुरुवात खालून करायची. शेवटचा आकडा घ्यायचा आणि त्याला बरोबर उत्तराने भागायचं. समजा आठ मुलींतून तिघींना वक्तृत्व स्पर्धेला पाठवायचं आहे. उत्तर ५६, पेपरात आहेत ३३६. भागाकार येतो ६, म्हणजे ३ × २ × १. याचा अर्थ प्रत्येक तिघींचा गट सहा वेळा मोजला गेलाय, कारण तिघींना ओळीत उभं करण्याच्या रीती सहा आहेत. मग वर बघायचं. बहुधा तीन आडव्या रेघा मारलेल्या असतात आणि त्यांच्यावर ८, ७, ६ असे आकडे बसवलेले असतात. रेघा मारणं ही चूक नाही. रेघा मारल्या की जागांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक मिळतात आणि ते शेवटी पुसून टाकावे लागतात, म्हणजे सहाने भागावं लागतं. ते राहिलं.

भागाकार २ आला तर मात्र मी काहीच बोलत नाही. दोन जण निवडायच्या गणितात दुप्पट उत्तर क्रमाच्या घोळामुळे येऊ शकतं, तसंच साध्या आकडेमोडीच्या चुकीमुळेही येऊ शकतं. दोन्ही पेपर सारखेच दिसतात. म्हणून आम्ही चाचणीत निदान तिघांची, जमलं तर चौघांची निवड ठेवतो. चौघांच्या निवडीत उत्तर नेमकं चोवीस पट आलं, तर ते योगायोगाने येणं अवघड.

खरा कस लागतो तो ज्या गणितात भागाकार पूर्णांकात येत नाही तिथे. गेल्या चाचणीतला आमचा प्रश्न असा होता: गणेश मंडळात सहा पुरुष आणि चार स्त्रिया आहेत. पाच जणांची समिती करायची आहे आणि तिच्यात किमान दोन स्त्रिया हव्यात. किती प्रकारे? सरळ वाट प्रकरणं पाडण्याची. दोन स्त्रिया असतील तर ⁴C₂ × ⁶C₃, म्हणजे १२०. तीन असतील तर ⁴C₃ × ⁶C₂, म्हणजे ६०. चारही असतील तर एकच पुरुष लागतो, म्हणून ६. एकूण १८६.

सांगलीहून आलेल्या एका पेपरात याचं उत्तर होतं ३३६. वर एकच ओळ: ⁴C₂ × ⁸C₃. आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'उरले ८'.

हा आकडा मघाचाच आहे, पण इथे रोग वेगळा आहे. १८६ ने भागून काही हाती लागत नाही, दीडपट आणि दुप्पट यांच्यामधलं काहीतरी येतं. त्यामुळे सहज असं वाटतं की मुलाने प्रकरणं पाडायचा कंटाळा केला. दोन्ही ठिकाणी C आहे, 'किमान दोन' ही अटही पाळलेली दिसते: आधी चारांतून दोन स्त्रिया घेतल्या, मग उरलेल्या आठ जणांतून कुणीही तिघं. ऐकायला इतकं बिनचूक वाटतं की क्षणभर आपणच आपलं १८६ पुन्हा तपासतो.

संशय घ्यायला एक आकडा पुरतो. दहा जणांतून कसलीही अट न घालता पाच जणांच्या समित्या होतात २५२. अट घातल्यावर त्या कमी व्हायला हव्यात, आणि इथे झाल्या ३३६. म्हणजे काही समित्या एकापेक्षा जास्त वेळा मोजल्या गेल्या, यात शंका नाही. कोणत्या, हे त्या पेन्सिलीच्या दोन शब्दांत आहे. 'उरले ८' मध्ये सहा पुरुष आहेत आणि दोन स्त्रियाही आहेत. तीन स्त्रिया असलेली एक समिती घ्या: क, ख, ग या तिघी आणि दोन पुरुष. या मुलाच्या मोजणीत क आणि ख आधी आल्या आणि ग उरलेल्यांतून आली, तर ती एक रीत. क-ग आधी आणि ख मागून, ही दुसरी. ख-ग आधी आणि क मागून, ही तिसरी. समिती तीच, मोजली तीनदा. चारही स्त्रिया असतील तर त्यांतल्या आधी आलेल्या दोघी सहा प्रकारे ठरू शकतात, म्हणून ती समिती सहा वेळा. आता हिशोब जुळतो: १२० एकदाच, ६० तीनदा म्हणजे १८०, आणि ६ सहादा म्हणजे ३६. बेरीज ३३६.

म्हणजे हा गोंधळ क्रम आणि निवडीचाच आहे, फक्त तो C च्या आड लपलाय. समितीत कोण आधी आलं याला काही अर्थ नाही, पण मोजणाऱ्याने 'आधी आलेल्या दोघी' आणि 'मागून आलेले तिघं' असे दोन गट पाडले. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पंगतीला जेवलेले आणि दुसऱ्या पंगतीला जेवलेले वेगळे मोजावेत, तसं. अशा वेळी मी कागदावर एकच गोष्ट शोधतो: ज्या ढिगातून आधी उचललं, त्याच ढिगातलं काही पुढच्या पायरीतही उचलता येतंय का? ⁴C₂ × ⁶C₃ मध्ये येत नाही, स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे. ⁴C₂ × ⁸C₃ मध्ये येतं. जास्तीची सगळी मोजणी सहाच्या जागी आठ आल्यामुळे झाली आहे.

या ओळीला गुण किती द्यायचे यावर आमचं दोघांचं जमत नाही. सहकारी म्हणतात, अट कळली आहे, गुणाकाराचा नियम कळला आहे, तीनपैकी एक गुण द्या. मी शून्य देतो. ज्याने १८६ च्या वाटेवर बेरीज चुकवून १७६ लिहिलं त्याला दोन मिळतात, कारण त्याने प्रत्येक समिती एकदाच मोजली. इथे मोजणीच बसलेली नाही. (शेवटी त्यांच्या वर्गाचे पेपर असले की त्यांचंच चालतं.)

याच्या बरोबर उलट, जिथे गोंधळ वाटतो पण नसतो, असेही पेपर असतात. प्रश्न असा: अशा चार अंकी संख्या किती, की ज्यांचे अंक डावीकडून उजवीकडे लहान लहान होत जातात? 'संख्या' म्हटल्यावर पोरं क्रमाकडे धावतात. प्रत्यक्षात चार वेगळे अंक उचलले की त्यांना उतरत्या क्रमात लावायची रीत एकच आहे. शून्य आलाच तर तो आपोआप शेवटी जातो. म्हणून हे निव्वळ निवडीचं गणित, ¹⁰C₄, उत्तर २१०. ज्याने ४५३६ लिहिलं त्याने वेगवेगळ्या अंकांच्या सगळ्या चार अंकी संख्या मोजल्या आणि उतरत्या क्रमाची अट सोडून दिली. पण एका साताऱ्याच्या मुलीच्या पेपरात १८९ होते.

१८९ कुठून आले? ४५३६ ला २४ ने भागून. म्हणजे तिला नेमकं कळलं होतं की चार अंकांच्या चोवीस मांडण्यांतली एकच चालते. क्रम पुसायचा आहे हे तिला ठाऊक होतं. घसरली ती दुसरीकडे. अंकांत शून्य नसेल तर चोवीसही मांडण्या चार अंकी संख्या देतात, पण शून्य असेल तर तो पहिल्या जागी चालत नाही आणि अठराच उरतात. सगळ्या गटांना एकाच आकड्याने भागायचं असेल तर सगळे गट तितक्याच वेळा मोजलेले असले पाहिजेत. तिला क्रम आणि निवड यांतला फरक पुन्हा समजावत बसणं म्हणजे चांगल्या दातावर उपचार करणं. तिला फक्त शून्य दाखवायचा.

नुसतं सूत्र आणि उत्तर लिहिलेला कोरा पेपर मात्र काहीच सांगत नाही. ¹⁰C₄ = 210 एवढंच लिहिलेलं असेल, तर ते समजून लिहिलंय की 'सिलेक्ट' हा शब्द बघून, हे कळायला कागदावर काही उरत नाही. सीईटीच्या चार पर्यायांत तर तेवढंही दिसत नाही. अशा पोरांसाठी मी पुढच्या चाचणीत दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवतो आणि दोन्हींत 'निवडा' किंवा 'मांडा' हे शब्द येऊ देत नाही. दोन्ही भास्कराचार्यांच्या लीलावतीतून उचललेले आहेत. इसवी सन ११५० च्या त्या ग्रंथात ते शेजारी नाहीत, दोन वेगळ्या प्रकरणांत आहेत. एक षड्रसांचा: सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे सहापर्यंत कितीही रस मिसळून किती चवी होतील? ६, १५, २०, १५, ६ आणि १, एकूण ६३. दुसरा विष्णूच्या चार हातांचा: शंख, चक्र, गदा आणि पद्म हातांत आलटून पालटून दिले तर किती मूर्ती होतील? चोवीस. संध्येतली केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं ज्यांच्या घरात म्हटली जातात, त्या पोरांना हे उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यामुळे मी चार हातांऐवजी शंभूचे दहा हात देतो. मग उत्तर जातं ३६,२८,८०० वर आणि पाठ केलेलं काही उपयोगी पडत नाही.

रसांच्या प्रश्नात मी तीन रसांची पायरी तेवढी वाचतो. तिथे २० असेल तर ठीक. १२० असेल तर त्या पोराला तोंडी एकच विचारायचं, आमटीत आधी मीठ घातलं की आधी चिंच, चव बदलते का? बहुतेक जण तिथेच हसतात आणि सहाने भागतात. एखादा गंभीर चेहऱ्याने सांगतो, 'सर, आई म्हणते बदलते.' मग मात्र त्याला प्रश्न बदलून द्यावा लागतो.