बसायची पँट

सकाळी ७.३०
खडकी बाजारालगतच्या एका बोळात मास्तरांचं दुकान आहे. दहा बाय आठची खोली, दोन मशिनं, एक कटिंगचं टेबल. आल्याआल्या ते मागच्या मोरीतल्या बादलीतून कापड उपसतात. राखाडी कॉटन ट्विल, किंचित लायक्रा असलेलं, दीड मीटर. रात्रभर भिजत होतं. एरवी एका पँटला सव्वा मीटर पुरतं.

"आटायचं ते आत्ताच आटू दे," मास्तर पिळत म्हणतात. "उभ्या माणसाची पँट अर्धा इंच आटली तर कुणाला कळतही नाही. बसणाऱ्याची आटली की पाठ उघडी पडते."

८.१५
कापड दोरीवर वाळतंय. तोवर मास्तर खुंटीवरची एक काळी पँट काढून दाखवतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच शिवलेली. गिऱ्हाईक व्हीलचेअरवर बसतं हे माहीत होतं, म्हणून पाय लांब ठेवले. बाकी सगळं नेहमीचं: मागे दोन खिसे, एकावर बटण, कमरेला कडक बक्रम.

त्या माणसाला कमरेखाली स्पर्शच कळत नाही. बटणावर दिवसभर बसला, तरी त्याला पत्ता नाही. रात्री बायकोने पाहिलं तर चवलीएवढा लाल डाग. असा डाग भार काढल्यावर अर्ध्या तासात गेला नाही, तर तिथे जखम होण्याची भीती असते. तो सकाळपर्यंत होता. नशिबाने कातडी फुटली नाही. पण चार दिवस कुशीवर झोपून काढावे लागले. चार दिवसांची रजा गेली.

"चूक माझी होती," मास्तर म्हणतात आणि पँट परत खुंटीला लावतात.

९.३०
त्याच गिऱ्हाइकाच्या घरी. वय एकतीस, सात वर्षांपूर्वी अपघात, एका कंपनीत हिशेब बघतो. मास्तर टेप गळ्यात टाकून फरशीवर मांडी घालतात.

"दादा, आज माप बसूनच घ्यायचं. पाय पाटीवर ठेवा, रोज ठेवता तसे."

कंबर आडवं पडल्यावर पस्तीस भरते, बसल्यावर साडेछत्तीस. कमरेपासून गुडघ्यावरून वळसा घेत घोट्यापर्यंत त्रेचाळीस. उभ्या मापाने ही लांबी चाळीस धरली असती आणि मोजे उघडे दिसले असते. मग आसन. तो दोन्ही हात हातकठड्यांवर टेकून अंग उचलून धरतो, वहिनी टेप खालून मागे ओढून घेतात. पुढून दहा इंच, मागून अठरा.

मास्तर वहीतलं नेहमीचं माप दाखवतात: पुढे साडेअकरा, मागे साडेपंधरा. व्हीलचेअरच्या पँटचा सगळा घोळ या दोन आकड्यांत आहे. बसलं की पुढचं कापड पोटाशी गोळा होतं आणि मागचं खाली सरकतं. म्हणून पुढचं दीड इंच काढायचं आणि मागे अडीच घालायचं.

"आणि मास्तर, पुढची चेन खालपर्यंत हवी," तो म्हणतो. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. ऑफिसात, खुर्चीत बसूनच.

११.१५
नवं कापड वाया घालवायला नको, म्हणून आधी वर्तमानपत्रावर. मास्तर नेहमीचा मागचा भाग आखतात. मग सीटच्या रेषेवर मधल्या शिवणीकडून कात्री चालवतात आणि बाजूच्या शिवणीपाशी सूतभर आधी थांबतात. कागद पंख्यासारखा उघडतो. मध्ये अडीच इंचांची पाचर पडते, बाजूला शून्य. खाली दुसरा कागद डकवतात. मागची मधली शिवण लांब झाली, बाजूची होती तेवढीच राहिली. पुढच्या भागाला उलटं: मध्ये दीड इंचाची चुणी मोडून कागद चिकटवून टाकतात.

नुसती मागची कंबर वर चढवून का नाही भागत? तसंही करून पाहिलं होतं म्हणे. पट्टा वर गेला, पण सीटवर कापड तेवढंच राहिलं आणि ताणून बसलं.

बाजूची शिवणही इंचभर पुढे घेतात. मग ती मांडीच्या हाडाखाली येत नाही.

१.१५
डबा. चपाती, मेथी. मी पैशांचं विचारतो. नेहमीच्या पँटची शिलाई साडेपाचशे, हिची आठशे. साडेतीन तासांच्या जागी सहा तास जातात, माप घ्यायला जाणं वेगळं. पण ही पँट काळीच्या बदल्यात, म्हणून शिलाई शून्य. कापडाचे चारशे ऐंशी आणि चेन, इलॅस्टिक, नाडीपट्टीचे पंचावन्न एवढेच घेणार. आठशेसुद्धा मला कमीच वाटतात. पण ते सांगणारा मी कोण?

२.००
मशीन चालू. जीन्सला असते तशी दुहेरी दुमडीची जाड शिवण इथे चालत नाही. एकच टीप, मग माया दोन्ही बाजूंना उघडून इस्त्रीने सपाट. पण सगळ्यात वाईट जागा जिथे पायांच्या चार शिवणी एकत्र येतात ती. तिथे मास्तर माया एकावर एक न ठेवता पायरीपायरीने कापतात. मग डोळे मिटून अंगठा फिरवतात. पुन्हा फिरवतात. अंगठ्याला काही लागलं की उसवायचं. एकदा उसवलं.

चेन सातऐवजी साडेआठ इंचांची. पुढचा भाग आखूड झाल्यामुळे ती थेट आसनाच्या शिवणीपर्यंत पोहोचते. मागे खिसे नाहीत. बाजूच्या खिशातून बसल्यावर मोबाईल घरंगळतो, म्हणून एक खिसा मांडीवर, वरून हात जाईल असा.

४.३०
कंबर. पुढे सपाट पट्टा, बक्रमशिवाय. मागे पावणेदोन इंच रुंद इलॅस्टिक. अरुंद इलॅस्टिक दोरीसारखं रुततं. पट्ट्याच्या आत दोन्ही बाजूंना नाडीपट्टीचे फासे. पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर होत पँट वर ओढायची असते, तेव्हा अंगठा अडकवायला. फाशाला चौकोन आणि आत फुली अशी टीप. नुसती आडवी टीप आठवड्यात निघते.

५.१५
एक ताई आजोबांचा शर्ट घेऊन येतात. बोटं चालत नाहीत, बटणांच्या जागी लोहचुंबक बसवून हवेत. मास्तर आधी विचारतात, "छातीत पेसमेकर आहे का?" आहे. मग चुंबक नाही. वेल्क्रो लावतात, धुताना बंद करून धुवा, नाहीतर त्यात दोरे-केस अडकतात आणि पकड जाते, हे दोनदा सांगतात. वरून शोभेची बटणं तशीच राहतात. साठ रुपये.

६.३०
गिऱ्हाइकाच्या घरी ट्रायल. पुढे चुणी नाही, पाठ झाकलेली, पायाची मोहरी बुटाला टेकलेली. मास्तर हसायच्या आत तो पुढे वाकतो, जमिनीवरचं पाकीट उचलायला. सरळ होतो तेव्हा मागचं इलॅस्टिक गुंडाळून वळकटी झालेली असते. वळकटी म्हणजे पुन्हा गाठच.

मास्तरांनी हातमशीन आणलेलं आहे. पँट उतरवून इलॅस्टिक ताणून धरत त्यावर लांब टाक्यांच्या तीन आडव्या टिपा. वीस मिनिटं. पुन्हा घाल, पुन्हा वाक. पाच वेळा. पट्टा सपाट राहतो.

"दोन तास बसा, मग आरशात बघा, आणि मला फोन करा. तोवर ऑफिसला घालून जायची नाही."

८.५०
दुकानात अर्धं शटर खाली. फोन वाजतो. वहिनी आहेत. मधल्या शिवणीची फिकट रेघ होती, दहा मिनिटांत गेली. दुसरं काही नाही.

मास्तर वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात, वर खडूने लिहितात: 'बसायची. पुढे १०, मागे १८'. काळी पँट खुंटीवरून काढत नाहीत. उद्या शाळेचे बारा गणवेश आहेत.